सहाची ॲलन की माहेरी गेलीय

भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं पर्सोनेल खात्यात होतो. रुजू झालो त्याच आठवड्यात साहेबांनी खडूचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "गेटवरचा सुविचार आजपासून तुम्ही लिहायचा." गेटमधून आत आलं की डाव्या हाताला टाइम ऑफिस, तिथं कार्ड पंच करायचं यंत्र आणि त्याच्या वर चार फूट बाय तीन फुटांचा काळा फळा. सातच्या पाळीची दीडशे माणसं वीसेक मिनिटांत त्या फळ्यासमोरून जात.

पहिली दोन वर्षं मी सुविचारांच्या पुस्तकातून वाक्यं उतरवत असे. प्रयत्न, यश, गुरुकिल्ली, घाम, सोनं असे सगळे शब्द त्यात असायचे. एकदा दुपारी कँटीनमध्ये मी दहा जणांना विचारलं, आज सकाळी फळ्यावर काय होतं? एकालाच सांगता आलं. तो आमचा वॉचमन होता, रोज फळा पुसायचं काम त्याच्याकडे होतं. त्या दिवसापासून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि माणसांकडे बघून लिहायला लागलो. हलकंफुलकं लिहिलं की लोक थांबून वाचतात, हे लवकरच कळलं. ते कुठे चालतं आणि कुठे अजिबात चालत नाही, हे कळायला मात्र बरीच वर्षं गेली.

१. विनोद वस्तूवर ठेवला, की माणसाला परतायला वाट मिळते.

आमच्या टूल रूममध्ये हत्यारं टांगायचा पिवळा बोर्ड होता. प्रत्येक पान्याची, हातोडीची, कीची काळी बाह्यरेषा त्यावर रंगवलेली, म्हणजे हत्यार जागेवर नसलं की रिकामा आकार लांबूनच दिसावा. सगळ्यात जास्त वेळ रिकामी असायची ती सहाच्या ॲलन कीची जागा. आमच्या बहुतेक डाय एम-आठच्या ॲलन बोल्टनं बांधलेल्या होत्या आणि तो बोल्ट सहाच्याच कीनं फिरतो. डाय बदलणारा फिटर की घेऊन जाई, काम संपलं की ती त्याच्या खिशात राही आणि पुढच्या पाळीचा फिटर ती शोधत हिंडे. कधी अर्धा तास प्रेस बंद राही, फक्त बोटभर लांबीच्या एका कीपायी.

मी आधी लिहिलं, 'हत्यारे जागेवर ठेवणे ही प्रत्येकाची जबाबदारी आहे.' काही फरक पडला नाही. मग लिहिलं, 'हत्यार शोधण्यात गेलेला वेळ परत येत नाही.' तेही वाया गेलं. तिसऱ्या खेपेला मी टूल रूम सांभाळणाऱ्या काकांजवळ जाऊन बसलो. ते वैतागून म्हणाले, "इथून गेली की परत यायचं नाव घेत नाही बघा, माहेरी गेल्यासारखी." मी तसाच उठून फळ्याकडे गेलो आणि लिहिलं:

'सहाची ॲलन की माहेरी गेलीय. कुणाकडे असेल तर सासरी आणून सोडा.'

दुपारच्या सुट्टीपर्यंत तीन की परत आल्या. शनिवारपर्यंत अकरा. एका फिटरनं की काकांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "घ्या काका, पाहुणचार करून आणलीय." हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. 'जबाबदारी' लिहिलेल्या दिवशी की परत करायला येणं म्हणजे आपण बेजबाबदार होतो याची कबुली देणं होतं, आणि चार लोकांदेखत तशी कबुली कोण देईल? फळ्यावर माहेर-सासर आलं तेव्हा दोष कीवर गेला. ती आणून देणाऱ्याला हसत बोलायला एक वाक्य मिळालं आणि तो मान खाली न घालता आला.

हलका सूर मी तेव्हापासून अशाच चुकीसाठी राखून ठेवला, जी माणसाला ठाऊक असते, पटलेलीही असते, फक्त हातून सुटून जाते. हत्यार खिशात राहणं, दिवा चालू राहणं, हवेच्या गनचा कॉक अर्धवट बंद राहणं या त्यातल्या. जे माणसाला ठाऊकच नाही, ते विनोदातून शिकवता येत नाही. नव्या पोराला तो विनोद कळतही नाही आणि माहितीही मिळत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. चार महिन्यांनी ती जागा पुन्हा रिकामी राहायला लागली. मग आम्ही प्रत्येक फिटरला त्याचा नंबर ठोकलेला कीचा स्वतंत्र जुडगा दिला आणि तो प्रश्न कायमचा मिटला. फळ्यानं आम्हाला चार महिने मिळवून दिले, एवढंच त्याचं काम होतं, आणि ते त्यानं चोख केलं.

२. टोमण्याला विनोद समजू नका.

उशिरा येणाऱ्यांवर काहीतरी खमंग लिहा, असा आग्रह एका मॅनेजरसाहेबांनी धरला होता. त्यांनी स्वतःच वाक्य दिलं होतं: 'उशिरा येणाऱ्यांसाठी घड्याळांचा सेल लागला आहे.' मी ते लिहिलं. सकाळी लोक हसलेही. पण हसताना सगळे एकाच माणसाकडे बघत होते. असेंब्लीतला एक जण त्या महिन्यात चारदा उशिरा आला होता. त्याच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचं सगळं आवरून त्याला निघावं लागे, हे मला नंतर कळलं. त्यानं तक्रार केली नाही. पण त्यानंतर तो पंच करताना फळ्याकडे बघेनासा झाला, आणि त्याच्या बाजूची दोन माणसंही.

तेव्हापासून मी एक कसोटी ठेवली. ज्याला वाक्य लागू पडतं, तो ते स्वतः कँटीनमध्ये मोठ्यानं वाचून दाखवील का? दाखवील तर तो विनोद. दुसरे त्याच्याकडे बघत वाचून दाखवणार असतील तर तो टोमणा, आणि तो पुसायचा. ॲलन कीचं वाक्य फिटरांनीच कारखानाभर केलं होतं. घड्याळाचं वाक्य त्या माणसानं एकदाही उच्चारलं नाही.

आपल्याकडे पुणेरी पाट्यांचं कौतुक आहे आणि अनेकांना वाटतं, तोच ठसका कारखान्यात आणावा. मला ते पटत नाही. दारावरची पाटी वाचणारा अनोळखी असतो, क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. कारखान्यातल्या माणसाला उद्या सकाळी त्याच फळ्यासमोर उभं राहायचं असतं आणि उत्तर द्यायची सोय नसते, कारण खडू साहेबाच्या हातात असतो. ज्याला उलट बोलता येत नाही त्याची फिरकी घेऊ नये.

३. विनोदाचं सामान त्यांच्याच कामातून घ्या.

प्रेस शॉपमध्ये पत्रा कापताना कानठळ्या बसवणारा आवाज असतो. आठ तासांच्या पाळीला नव्वद डेसिबल ही आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांतली मर्यादा, आणि आमच्या मोठ्या प्रेसजवळ मीटर त्याच्या वर जाई. इअरप्लग फुकट मिळत, पण वापरत मोजकेच. बहिरेपण हळूहळू येतं, कुठे दुखत नाही, रक्त येत नाही. त्यामुळे भीती घालणारं वाक्य खोटं वाटतं. 'मोठ्या आवाजामुळे कायमचे बहिरेपण येते' हे वाक्य दोन वर्षं भिंतीवर होतं, त्याच्याखाली बसून माणसं प्लगशिवाय काम करत होती.

पहिला प्रयत्न मी बायकोवर केला. बायकोची हाक ऐकू यावी म्हणून प्लग लावा, अशा अर्थाचं काहीतरी होतं. पॅकिंगमधल्या तिघीजणी दहा वाजताच माझ्या टेबलाशी आल्या. त्यातली वयानं मोठी होती ती म्हणाली, "साहेब, आम्ही पण प्रेसच्या शेजारीच बसतो. आम्ही कुणाच्या हाकेसाठी लावायचे?" तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. दीडशेतल्या बावीस बाया त्या वाक्यातून बाहेरच राहिल्या होत्या. मी माफी मागितली आणि फळा पुसला.

मग मी शॉपमध्ये दिवसभर कोणते शब्द चालतात ते कान देऊन ऐकलं. मशीनचं काही बिघडलं की पहिला प्रश्न असतो, स्टोअरला स्पेअर आहे का? बेल्ट, बेअरिंग, ऑइल सील, सगळ्याचा निकाल त्या एका प्रश्नावर. दोन दिवस मी वहीत खाडाखोड केली. आधी लिहिलं, 'कान अनमोल आहेत, त्यांना पर्याय नाही.' बरोबर आहे, पण पुस्तकी. मग, 'मशीनचे स्पेअर मिळतात, कानाचे मिळत नाहीत.' जवळ आलं, तरी उपदेश राहिलाच. शेवटी फळ्यावर गेलं ते असं:

'स्टोअरला विचारलं. कानाचा स्पेअर येत नाही म्हणाले.'

प्लग वापरा, हे मी लिहिलंच नाही. ते वाचणाऱ्याच्या मनात आपोआप पूर्ण होतं, आणि जे माणूस स्वतः पूर्ण करतो ते त्याचं होतं. रांगेतल्या माणसाला फळ्यासमोर तीन-चार सेकंद मिळतात; दोन छोटी वाक्यं, सात-आठ शब्द, आणि चिमटा अगदी शेवटी. चिमटा आधी आला की पुढचं कुणी वाचत नाही.

परिणाम मी हशावरून मोजला नाही. स्टोअरच्या इश्यू रजिस्टरवर मोजला. आठवड्याला पंधरा-वीस जोड्या जात, त्या आठवड्यात साठच्या वर गेल्या. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पस्तीसवर आल्या, तेव्हा मी आणि सेफ्टी ऑफिसर शॉपमध्ये गेलो आणि कारण विचारलं. प्लग एकाच मापाचे होते. बारीक कानाच्या माणसांना ते दुखत, आणि जेवताना काढून ठेवले की हरवत. दोन मापांचे, दोरी असलेले प्लग मागवले. त्यानंतर आकडा टिकला. विनोदानं माणसं स्टोअरच्या खिडकीपर्यंत आली. पाळीभर प्लग कानात राहिला तो मापामुळे. शॉपमध्ये जाऊन कारण विचारलं नसतं तर मी तिसऱ्या आठवड्यात नवं गमतीचं वाक्य शोधत बसलो असतो.

४. सूचना वेगळी, सुविचार वेगळा.

फळ्याला यश मिळतंय म्हटल्यावर बाकीच्यांनाही हुरूप आला. मेंटेनन्समधल्या एका हुशार पोरानं मशीनच्या मेन स्विचवर लटकवायच्या पाटीवर लिहिलं, 'मी झोपलोय, उठवू नका.' त्याची कल्पना चांगली होती, मन साफ होतं. पण त्या आठवड्यात कंत्राटदाराचा एक नवा इलेक्ट्रिशियन आला. त्याला वाटलं कुणीतरी गंमत करून ठेवलीय. पाटी बाजूला करून तो स्विच वर करणार, तेवढ्यात शेजारच्या ऑपरेटरनं ओरडून त्याचा हात थांबवला. मशीनच्या आत तेव्हा एक माणूस खांद्यापर्यंत हात घालून बसला होता.

त्या दुपारी आम्ही सगळ्या गमतीच्या पाट्या उतरवल्या. स्विचवरची पाटी अशी झाली: 'स्विच चालू करू नये. मशीनमध्ये माणूस काम करत आहे.' खाली काम करणाऱ्याचं नाव, वेळ, आणि पाटी फक्त त्यानंच काढायची. सोबत कुलूप, ज्याची चावी त्याच्याच खिशात. ज्या पाटीवर कुणाचा जीव अवलंबून आहे, तिचे दोन अर्थ निघता कामा नयेत. आणि विनोद तर दोन अर्थांवरच उभा असतो.

भाषेचंही तेच. आमच्याकडे खानदेशातली, मराठवाड्यातली पोरं होती, तशी बिहार-उत्तर प्रदेशातलीही. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम १०८ प्रमाणे नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्या लागत. बहुसंख्य म्हणजे सगळे नव्हेत. माहेर-सासर हिंदी बोलणाऱ्यालाही समजलं, कारण ती रीत त्याच्या गावीही आहे. शब्दांच्या कोट्या मात्र त्याच्या डोक्यावरून गेल्या. म्हणून मी कोट्या बंद केल्या आणि प्रसंगावर लिहायला लागलो.

५. अपघाताच्या दिवशी आधी फळा पुसा.

हा धडा लिहिणं मला जड जातं, पण बाकी सगळ्यांपेक्षा तो मोठा आहे.

मार्चचा पहिला आठवडा होता. चार मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा स्थापनादिन. कारखान्यांत तिथून आठवडाभर सुरक्षा सप्ताह चालतो, घोषवाक्यांची स्पर्धा होते, बक्षीस म्हणून स्टीलचे डबे वाटतात. फळ्यावर मी लिहिलं होतं, 'दहा बोटं घेऊन आलात, मोजून दहाच घेऊन जा.' सगळ्यांना आवडलं होतं. पोरं घरी जाताना एकमेकांना बोटं मोजून दाखवत.

दुसऱ्या पाळीत, रात्री पावणेदहाच्या सुमाराला, शंभर टनी प्रेसवर तेवीस वर्षांच्या एका मुलाच्या उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापासून गेली. त्याला रुग्णालयात नेलं, मी रात्री तिथंच होतो. पहाटे तिकडून परस्पर कारखान्यात आलो तेव्हा पहिली पाळी आत यायला लागली होती. पंचिंगच्या रांगेत त्याचा थोरला भाऊ उभा होता, तोही आमच्याकडेच कामाला होता. फळ्यासमोर आल्यावर तो थांबला. मागची रांग थांबली. त्यानं ते वाक्य वाचलं, आणि एक शब्द न बोलता शर्टाच्या बाहीनं पुसलं. पांढरी बाही घेऊन तो आत गेला.

ते वाक्य पुसायचं काम माझं होतं, रात्री दहा वाजता. फोन करून वॉचमनला सांगायला दहा सेकंद लागले असते.

वाक्य वाईट नव्हतं. आदल्या दिवशी त्यानं हसवलं होतं, कारण कुणाचं बोट गेलं नव्हतं. ज्या क्षणी एकाचं गेलं, त्या क्षणी तेच वाक्य त्याच्या हाताकडे बघून मोजदाद करायला लागलं. शरीरावरचा विनोद एका माणसाच्या दुखापतीपर्यंतच विनोद असतो, आणि ती दुखापत कधी होईल ते लिहिणाऱ्याला माहीत नसतं. त्यानंतर शरीराच्या अवयवांवर मी फक्त कानाचं ते एक वाक्य लिहिलं, आणि तेही दरवर्षीच्या तपासणीत कुणाला ऐकू कमी आल्याचं निघालं नाही ना, हे डॉक्टरांना विचारून.

त्या सकाळी मी फळ्यावर हे लिहिलं: 'काल रात्री ९.४५ वाजता प्रेस नंबर ४ वर अपघात झाला. आपल्या सहकाऱ्याच्या बोटावर शस्त्रक्रिया झाली आहे. त्याची प्रकृती स्थिर आहे. भाऊ आणि आई सोबत आहेत. प्रेस नंबर ४ बंद आहे. तपासणी पूर्ण होईपर्यंत कुणीही ती चालवू नये.' एकही विशेषण नव्हतं, धीर देणारं वाक्य नव्हतं. लोकांना त्या दिवशी खरी माहिती हवी असते. ती फळ्यावर मिळाली नाही तर दुपारपर्यंत अफवेत बोटाचा हात होतो. भावाचा उल्लेख मी चुकून केला होता, तो तर आत कामावर आला होता. कुणीतरी सांगितल्यावर त्याला घरी पाठवलं आणि फळ्यावर दुरुस्ती केली. अशा फळ्यावर एक शब्दही चुकीचा चालत नाही.

६. जे यंत्रानं करायचं ते वाक्यावर टाकू नका.

त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हात दोन बटणांवर असले तरच प्रेस खाली यावी, म्हणजे त्या वेळी हात डायमध्ये असूच शकत नाही, अशी ती योजना. चौकशीत दिसलं की एका बटणात लाकडाची पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं जॉब. पाळीचं टार्गेट त्याशिवाय निघत नव्हतं. सुपरवायझरला माहीत होतं. टार्गेट ठरवणाऱ्यांनी विचारलं नव्हतं. आणि फळ्यावर बोटं मोजायला सांगणारं माझं वाक्य होतं.

गुणवत्ता शास्त्राचे जाणकार डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या चौदा मुद्द्यांपैकी दहावा मुद्दा असा आहे की कामगारांना उद्देशून लावलेली घोषवाक्यं, शून्य दोषाची आवाहनं काढून टाका, कारण बहुतेक दोष व्यवस्थेत असतात आणि ती बदलणं कामगाराच्या हातात नसतं. अशा घोषणांनी उलट मनं दुरावतात, असं ते म्हणत. हे मी ट्रेनिंगमध्ये पूर्वी ऐकलं होतं. कळलं ते पाचर हातात घेतल्यावर.

त्या प्रेसला नवा रिले बसवला. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच स्ट्रोक मिळतो, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा मिळत नाही. त्यामुळे एक बटण दाबून ठेवलं की प्रेस हलतच नाही. टार्गेटही पुन्हा मोजून कमी केलं. त्या प्रेसबद्दल फळ्यावर परत काही लिहायची गरज पडली नाही.

आता कुणी सुविचार मागायला आलं की मी आधी विचारतो, त्या माणसानं मनावर घेतलं तर हे आज त्याला करता येईल का? की परत आणता येते. प्लग लावता येतो. पाचर न मारता ते टार्गेट काढता येत नव्हतं. तिथं गंभीर वाक्यही चालत नाही आणि हलकंही नाही.

७. 'तुम्ही' आणि 'आम्ही' कोण, ते तपासा.

'तुमच्या कष्टातून कंपनीची भरभराट' असं वाक्य एकदा वरून आलं. एका जुन्या ऑपरेटरनं शांतपणे विचारलं, "आणि आमची?" मला उत्तर सुचलं नाही.

१९३९ साली ब्रिटनच्या माहिती मंत्रालयानं युद्धाच्या तोंडावर एक भित्तिपत्रक काढलं होतं. तुमचं धैर्य, तुमचा आनंदीपणा, तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल, असा त्याचा आशय. धैर्य तुमचं आणि विजय आमचा, हे लोकांना खटकलं आणि त्यावर टीका झाली. पुढच्याच वर्षी फूगास नावानं काढणाऱ्या व्यंगचित्रकारानं, तोंड सांभाळून बोला हे सांगणारी चित्रं दिली. बसमध्ये दोन बायका गप्पा मारताहेत आणि मागच्या बाकावर हिटलर आणि गोरिंग बसलेत. ती चित्रं अजून लोकांना आठवतात. त्यात हसू शत्रूवर आहे, आणि गप्पा मारणाऱ्या बायका आपल्यासारख्याच साध्या आहेत.

आमच्या कँटीनच्या मावशींनी हे कुठे न वाचता केलं. ताटात अन्न उरतं, काहीतरी लिहा, असं त्यांनी सांगितलं. मी 'अन्न हे पूर्णब्रह्म' लिहायला निघालो तर म्हणाल्या, "ते सगळ्यांना पाठ आहे हो. असं लिहा, डोळे नेहमी दोन पोळ्या जास्त मागतात, पोटाला विचारून घ्या." मी ते त्यांच्या परवानगीनं आणि त्यांच्याच नावानं लिहिलं. उरलेल्या अन्नाची बादली दुपारी भरायची, ती अर्ध्यावर आली. पोरं वाढून घेताना मावशींकडे बघून एक पोळी परत ठेवत आणि हसत. तेच वाक्य माझ्या नावानं गेलं असतं तर लोकांनी म्हटलं असतं, आता साहेब पोळ्या मोजायला लागले. नंतर मी माझी निम्मी वाक्यं अशीच लोकांकडून घेतली, स्टोअरकडून, ड्रायव्हरकडून, झाडलोट करणाऱ्यांकडून, आणि प्रत्येकाचं नाव खाली लिहिलं.

८. काही दिवस फक्त तारखा लिहा.

पगारवाढीच्या कराराची बोलणी, बोनस, कुणाचं निधन, किंवा २०१९ च्या मंदीत आलं तसं ब्लॉक क्लोजर. अशा दिवशी फळ्यावर कोणताही सुविचार नको, हलका नको आणि भारदस्तही नको. कारखाना कोणत्या तारखांना बंद, पगार किती दिवसांचा धरणार, काही विचारायचं तर कुणाला भेटायचं, एवढं लिहावं. घरचा हिशेब मनात मांडत गेटमधून आत येणाऱ्या माणसाला तेवढंच हवं असतं.

मी निवृत्त झालो तेव्हा खडूचा डबा एका तरुण मुलीकडे दिला. ती छान लिहिते, माझ्यापेक्षा कमी शब्दांत. डब्यासोबत मी तिला एक ओलं फडकं आणि वॉचमनच्या केबिनचा नंबर दिला. तुमच्याकडेही असा फळा असेल तर त्याच्या खिळ्याला फडकं टांगून ठेवा, आणि रात्रपाळीच्या वॉचमनला सांगून ठेवा की रुग्णवाहिका गेटबाहेर पडली की साहेबांच्या फोनची वाट न बघता त्यानं फळा पुसायचा.